डावखुरी गाठ आणि माझा हवालदार

मी चौथी नापास आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी शोधून काढल्याचा आनंद घ्यायला नको. चौथी नापास असून माझी अकरा पुस्तकं छापून आली, सगळी खिशात मावणारी, पातळ कागदाची, रहस्यकथेची. ती कॉलेजात शिकवत नाहीत. पण उन्हाळ्याच्या दुपारी खाटेवर पडून माणसांनी ती वाचली, आणि वाचून बायकोला हाक मारून ऐकवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझा धंदा हातमागाचा. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे आमचं घर, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मी लुगडी विणायचो, बायको चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. दुपारी जेवण झालं की हात मोकळे व्हायचे. तेव्हा मी कोपऱ्यावरच्या वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा वाचायचो. सत्तर साल उलटून गेलं होतं. त्या वेळच्या गोष्टींतला गुप्तहेर सूट घालून मोटारीतून यायचा, दोन ठोसे मारायचा आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगाराकडे बोट दाखवायचा. एके दिवशी चहाच्या टपरीवर मी बोलून गेलो की याच्यापेक्षा बरं मी लिहून दाखवतो. टपरीवरचे हसले. तिथेच माझं बिघडलं. मला कोणी हसलं की माझ्या हातून काम होतंच.

महाल भागात एक छापखाना होता, तो दर महिन्याला अशी पुस्तकं काढायचा. मालक तोंडात पान धरून बोलायचा. त्याने माझी वही न उघडता बाजूच्या टेबलाकडे सरकवली. तिथे प्रुफं तपासायला एक बाई बसायच्या. विधवा होत्या, शाळेत मास्तरीण होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. चष्म्याला मागून सुताचा दोरा बांधलेला. पुढची दहा वर्षं मी त्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसून जे शिकलो ते चौथीत शिकवत नाहीत, आणि बीएलाही शिकवत नसावेत.

माझ्या गोष्टीत सूटवाला नव्हता. एक सस्पेंड झालेला हवालदार होता आणि तो स्वतःच गोष्ट सांगत होता. बाईंना एवढं आवडलं. बाकी वही त्यांनी लाल केली. मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मी या शहरातला सर्वात थकलेला माणूस आहे आणि जीवनाने मला फार सोसायला लावलं आहे.

बाई म्हणाल्या, "थकलेला माणूस थकलो म्हणून सांगत नाही. तो काय करायचं सोडून देतो, ते लिहा."

मी घरी येऊन तीन दिवस त्या एका ओळीवर रागावून होतो. चौथ्या दिवशी लिहिलं: "दार वाजलं. मी उठलो नाही. ज्याला खरंच गरज असते तो दुसऱ्यांदा वाजवतो." बाईंनी ते वाचलं आणि लाल पेनाचं टोपण लावलं. त्या दिवशी मी महालातून गोळीबार चौकापर्यंत पायी आलो आणि रस्ताभर ती ओळ घोकत राहिलो.

उपमांचंही तसंच. मी एका पानावर आठ आठ उपमा घालायचो. डोळे चंद्रासारखे, आवाज कोकिळेसारखा, रात्र काजळासारखी. बाईंनी विचारलं, तुमच्या हवालदाराने कोकिळा शेवटची कधी ऐकली? त्याने जे पाहिलं, हाताळलं, सोसलं, त्यातूनच त्याची उपमा आली पाहिजे. आणि पानावर एकच. ती वाक्याच्या शेवटी आली पाहिजे आणि तिच्यानंतर थांबायचं, समजावून सांगायचं नाही. मी वाद घातला, कारण वाद न घालता मी आजवर काही घेतलेलं नाही. मग घरी मागावर बसल्यावर कळलं. करवतीच्या दात्यांची नक्षी लुगड्याच्या काठालाच शोभते. सगळ्या अंगभर करवत काढली तर लुगडं नेसणारीला खाज सुटेल. त्यानंतर मी साधं विणायला शिकलो, काठ येईपर्यंत.

पण आवाज कुठून आणायचा? थकलेला, पण रडका नाही. टोचणारा, पण दुष्ट नाही. हे मला जमत नव्हतं. मी जन्मात थकलो नाही, मला राग येतो. हवालदार बोलायला लागला की माझ्यासारखा भांडायचा.

एक दिवस दुपारी नळावरून बायको आली. माझ्या एका चुलतभावाने काही मदत करतो म्हणून गल्लीभर सांगितलं होतं आणि केली नव्हती. तिने घागर खाली ठेवली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "तुमचा भाऊ म्हणजे मे महिन्यातला नळ आहे. आवाज गंज, पाणी नाई." आणि कांड्या भरायला बसली. रागावली नाही, समजावत बसली नाही. गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि हवालदार माझ्या घरात माझ्यासमोर बसून चरखा फिरवत होता, मला दिसला नव्हता. त्या दिवसापासून मी तिचं बोलणं कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवायला लागलो. आमच्या विणकर सोसायटीच्या चेअरमनबद्दल ती म्हणाली होती की त्याचं हसणं म्हणजे भाड्याचा मांडव, कार्य झालं की उतरवते. एका शेजारणीने माफी मागितली तेव्हा म्हणाली, नवं लुगडं आहे, सारी खळ आहे, धुतल्यावर पाहू हाती का राहते ते. ही दोन्ही वाक्यं माझ्या पहिल्या पुस्तकात आहेत. लोकांनी मला शाबासकी दिली. मी घेतली. आज सांगतो की ती तिची होती.

तिला वाचता येत नव्हतं. मी लिहिलेलं तिला दुपारी वाचून दाखवायचो, ती कांड्या भरत ऐकायची. कुठे तिचा हात थांबला तर ती जागा खरी, असा माझा हिशेब होता. बाईंचा लाल पेन आणि हिचा चरखा, या दोन परीक्षा. दोन्हीत मी अनेकदा नापास झालो, पण इथे परत बसू द्यायचे.

आता त्या गोष्टीचं सांगतो. मी आधी रात्र, पाऊस आणि धुकं घातलं होतं, सगळे घालतात म्हणून. बाई म्हणाल्या, नागपुरात धुकं किती दिवस असतं? तुमच्याकडे ऊन आहे, ते वापरा. खरंच की. मे महिन्यात दुपारी एक वाजता इतवारीच्या गल्लीत उभं राहून पाहा. चिटपाखरू नसतं. सगळं पांढरं होतं, समोरून येणारा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून येतो, फक्त डोळे दिसतात, आणि तोही तुमचेच डोळे बघतो. तिथे कोण चोर आणि कोण भला हे ओळखून दाखवा. मी माझी सगळी चोरी भर दुपारी केली.

विणकरांच्या सोसायटीच्या गोदामातून सुताचा एक गठडा जातो. चेअरमन हवालदाराला बोलावतो. हवालदाराला कळत जातं की तोच चेअरमन विणकरांच्या वाट्याचं सूत बाहेर विकतो, आणि गेलेला गठडाही कागदावर त्याने विणकरांना कधीच वाटून टाकला होता. म्हणजे ज्याने काम दिलं तो स्वच्छ नाही. हवालदारही स्वच्छ नाही, तो खोटी साक्ष दिल्यामुळेच सस्पेंड झाला होता. आणि ज्याने गठडा उचलला त्याच्या गल्लीत सुतावाचून माग बंद पडले होते. बाईंनी सांगितलं होतं की अशा गोष्टीत प्रत्येकाच्या अंगाला थोडा चिखल हवा, पण सारखा नको. सारखा झाला की वाचकाला कोणाचंच काही वाटत नाही.

चोर कसा कळतो यासाठी मी एक खूण ठेवली. गोदामामागे रिकामं पोतं सापडतं, त्याची सुतळी तुटली होती म्हणून कोणीतरी परत जोडलेली. हमाल बांधतो तशी जाडी गाठ नव्हती. विणकर तुटलेला दोरा जोडतो ती बारकी, चपटी गाठ होती. आणि ती उलटी होती, डावखुऱ्या हाताची. ही खूण मी दुसऱ्या प्रकरणातच टाकली होती, उघड्यावर, इतर दहा वस्तूंच्या मध्ये, म्हणजे शेवटी वाचकाने स्वतःच्याच कपाळावर हात मारला पाहिजे.

ते प्रकरण मी बायकोला वाचून दाखवलं. तिचा हात थांबला. मी खूश झालो. पण तो पुन्हा सुरू होईना.

"ही गाठ दादाची आहे," ती म्हणाली.

तिचा थोरला भाऊ डावखुरा होता. त्याच्याइतका हलका हात आमच्या गल्लीत कोणाचा नव्हता. आणि पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या खऱ्या सोसायटीतून खरोखरच सूत गेलं होतं. कोणी नेलं ते कळलं नाही. त्याच आठवड्यात तो बायकामुलं घेऊन पारशिवनीकडे सासऱ्याच्या शेतावर निघून गेला, कोणाला काही न सांगता. गल्ली जे बोलायचं ते बोलली. हिने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. राखीला जायची, ओवाळायची, परत यायची.

मी म्हटलं, "गोष्टच आहे वं."

"गोष्ट तुमची. गाठ दादाची." मग कांडी बाजूला ठेवून म्हणाली, "सारी गल्ली वाचन. माह्या भावाले पुस्तकात चोर करान का तुम्ही?"

मी मुद्दाम केलं नव्हतं. गाठ म्हटली की मला त्याचेच हात आठवतात, ते आपोआप लिहिलं गेलं. पण हे सांगून काय उपयोग. पहिली तीन प्रकरणं छापखान्यात जुळून झाली होती, गाठ शिशाच्या खिळ्यांत बसली होती. मालकाला शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, आठ दिवसांत हवा होता आणि त्याचं म्हणणं साफ होतं: चोर पकडा, बेड्या घाला, नाहीतर वही परत घेऊन जा. आणि मी टपरीवर सांगून बसलो होतो.

पहिला शेवट मी घाबरून लिहिला. चोर एक हमाल निघाला. बाईंनी दोन पानांतच वही मिटली. गाठ दाखवलीत विणकराची आणि पकडलात हमाल, वाचक म्हणेल फसवलं. दुसऱ्या शेवटात मी चोर सांगितलाच नाही. हवालदार उन्हात निघून जातो, कोणी नेलं देव जाणे. मला वाटलं हे फार मोठं झालं. बाई जरा चिडूनच म्हणाल्या की ही पळवाट आहे. प्रकरण नीट मिटत नाही, याचा अर्थ लेखकाला उत्तर माहीत नाही असा होत नाही. कोणी केलं ते वाचकाला कळलंच पाहिजे, तो त्याचा हक्क. मिटायचं नाही ते त्याच्यापुढचं: आता करायचं काय, आणि जे केलं ते बरोबर होतं का.

मी घरी येऊन मागावर बसलो आणि नुसताच बसलो. बायकोने थोडा वेळ पाहिलं. मग तिने एक जुनी गोष्ट काढली, जी ती कधी काढत नसे, कारण तीत माझी फजिती आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझा ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपला होता. मागावर ताण्याचा प्रत्येक दोरा आधी वहीच्या (मागाच्या, लिहायच्या नव्हे) डोळ्यांतून आणि मग फणीच्या फटींतून ओवलेला असतो. म्हणून शेवटचं लुगडं कापताना वीतभर, आमच्याकडे इतभर म्हणतात, टोकं मागावर तशीच सोडायची. नव्या ताण्याचा एकेक दोरा त्या जुन्या टोकाला पीळ देऊन सांधायचा आणि पुढे ओढून घ्यायचा. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण त्या दिवशी सासुरवाडीची माणसं आली होती. मी रुबाबात कात्री चालवली आणि सगळं साफ कापून टाकलं. फणी रिकामी. आता हजारो दोरे एकेक करून नव्याने ओवायचे. तेव्हा तिचा दादा उठून फणीच्या पलीकडे बसला. दोन दिवस तो तिकडून दोरा द्यायचा, मी इकडून ओढायचो. त्याने ते गल्लीत कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी आजही त्या नावाने ओळखला गेलो असतो.

एवढं सांगून ती म्हणाली, "तुम्हाले साफ कापाची गंज हौस. इतभर ठेवा ना गा."

नवऱ्याला गा म्हणायची रीत नाही. पण माझी फार कीव आली की ती म्हणायची.

मी लिहायला बसलो आणि तिसरा शेवट दोन दुपारींत झाला. हवालदार एका डावखुऱ्या म्हाताऱ्या विणकराच्या घरी जातो. म्हातारा तुटलेला दोरा जोडत असतो. हवालदार त्याचे हात बघतो, पाणी पितो आणि उठतो. कोणी कबूल करत नाही, कोणी विचारत नाही, पण वाचकाला सगळं कळतं. मग तो चेअरमनला जाऊन सांगतो की मला काही सापडलं नाही. हे त्याचं आयुष्यातलं दुसरं खोटं.

बाईंनी वाचलं आणि विचारलं, याची किंमत कोणी दिली? मी म्हटलं, कोणी नाही, सगळ्यांचं भलं झालं. त्या म्हणाल्या, मग हवालदार देव झाला, आणि देव थकत नाही. कोणाचं तरी नुकसान झालं पाहिजे, आणि ते त्याला दिसलं पाहिजे.

तेव्हा मला गोदामाचा चौकीदार आठवला, ज्याला मी पहिल्या प्रकरणात बसवून विसरलो होतो. चोर सापडला नाही तर नोकरी त्याचीच जाणार. हवालदाराने एक माणूस वाचवला आणि दुसरा बुडवला, आणि त्याला ते माहीत आहे. शेवटच्या पानावर तो चौकीदार इतवारीत केळ्यांचा हातगाडा घेऊन उभा असतो. हवालदार अर्धा डझन घेतो. त्याच्याकडे बघत नाही. शेवटची ओळ होती: "त्याने एक केळं जास्तीचं दिलं. मी घेतलं."

बाईंनी चष्मा काढला आणि दोरा पुन्हा नीट बांधत बसल्या. मालक ओरडला की बेड्या कुठे आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "छापा. लोक भांडतील. भांडायला पुढचं पुस्तक मागतील." मालक त्यांना भीत असे. बहुतेक सगळेच भीत.

पण मला खरी परीक्षा घरी द्यायची होती. मी बायकोला शेवट वाचून दाखवला. म्हाताऱ्याच्या हातांपाशी ती थांबली. केळ्यापाशी आलो तेव्हा तिने मान खाली घातली. मी विचारलं की चालेल का, नाही म्हणालीस तर वही चुलीत घालतो. आणि घातली असती. मी हट्टी आहे, पण फणीपलीकडे बसलेला माणूस मी विसरलो नव्हतो.

ती म्हणाली, "चोर नाई म्हटलं, आन साव बी नाई म्हटलं. जसा आहे तसा ठेवला. छापू द्या."

पुस्तक निघालं. लोक खरंच भांडले. छापखान्यात पोस्टकार्डं आली, हवालदाराने चौकीदाराचा गळा कापला म्हणून, आणि त्याने बरोबरच केलं म्हणूनही. टपरीवर दोन जण आठवडाभर बोलत नव्हते. आमच्या गल्लीने वाचलं, आणि गंमत अशी की त्यानंतर कोणी दादाचं नाव त्या सुताबरोबर घेतलं नाही. सगळे चेअरमनबद्दल बोलायला लागले.

पुस्तक बायकोने पारशिवनीला पाठवलं होतं. वर्षभर काही उत्तर नाही. मग एका दुपारी दादा स्वतः आला, डोक्याला दुपट्टा, हातात शेतातल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. बसला. पाण्याचं, बैलांचं बोलला. माझ्या मागावरचा एक तुटलेला दोरा दिसला तसा बोलता बोलता जोडून टाकला, डाव्या हाताने. मी हवालदारासारखाच बघत होतो.

चहा आला तेव्हा म्हणाला की पोराकडून पुस्तक वाचून घेतलं. हवालदार चांगला आहे. आमच्या बाईवाणी बोलते. बहिणीला तो बाई म्हणायचा. बायको पदर तोंडाशी नेऊन हसली.

मग तो बशीत फुंकर घालत म्हणाला, "एकच चुकलं, जवाईबुवा. गठडा एक नोता. दोन होते."

एक त्याने नेला, आणि दुसरा दुसऱ्याने? की दोन्ही त्याने? की एकही नाही, आणि दोन जाताना त्याने फक्त पाहिले? अकरा पुस्तकं लिहिणाऱ्याला हे प्रश्न सुचणारच. प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी बायकोकडे पाहिलं. तिने शेंगांची पिशवी उचलली, सुपात ओतली.

"चहा निवून राहिला दादा," ती म्हणाली.

आज बाई नाहीत, दादा नाही, माग कधीच मोडीत गेला. ही आहे, ऐकू कमी येतं, बोलणं तसंच आहे. मला लिहायला शिकवलं एका बाईने, बोलायला दिलं दुसरीने, आणि माझी रिकामी फणी परत ओवून दिली त्या माणसाने. त्याला मी तो प्रश्न विचारला नाही. तेवढी इतभर टोकं मी मागावर ठेवली आहेत.